पसरणी घाट आणि पहिली दहा मिनिटं: लांब चढावर सायकलचा दम कसा पुरवायचा

लांब घाटात सायकलवाला शेवटच्या दोन-तीन किलोमीटरला गंडतो असं सगळ्यांना वाटतं, पण खरं बघितलं तर तो पहिल्या दहा मिनिटांतच गंडलेला असतो, फक्त ते त्याला कळायला अर्धा तास लागतो. घाटाच्या पायथ्याशी पाय ताजे असतात, सकाळची हवा गार असते, सोबतचे चारजण सुसाट निघालेले असतात आणि छातीतला धडधडाट अजून सुरू व्हायचाय, त्यामुळे आपण जरा जास्तच जोर लावतोय हे त्या वेळी शरीर सांगतच नाही. हे नेमकं का होतं, त्यावर काय करायचं, आणि यात गिअरचा इतका मोठा वाटा का आहे, हे आपण एकच घाट धरून बघू. पुण्या-साताऱ्याकडच्या बहुतेक सायकलवाल्यांनी कधी ना कधी चढलेला पसरणी घाट, वाई ते पाचगणी.

पसरणी उदाहरणाला चांगला कारण त्याचा चढ बऱ्यापैकी एकसारखा आहे. सिंहगडासारखं नाही, तिथे काही तुकडे दहा टक्क्यांच्या पुढे जातात आणि मधेच रस्ता जरा आडवा होतो. वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७२० मीटरवर आणि पाचगणी १२९० च्या आसपास, म्हणजे आपल्याला जवळपास ५७० मीटर उंची चढायची आहे. खरा चढ लागतो तिथपासून वरपर्यंत ११ किलोमीटर धरले तर सरासरी चढ येतो ५.२ टक्के, म्हणजे दर शंभर मीटर पुढे गेलं की पाच मीटरपेक्षा जरा जास्त वर. ऐकायला काही विशेष नाही. पण हे तासभर न थांबता चालू राहतं आणि सगळी गंमत तिथेच आहे.

आता एक माणूस घेऊ. वजन ७० किलो, सायकल, दोन बाटल्या, कपडे, बूट, पंक्चर किट मिळून १२ किलो, एकूण ८२. हे ८२ किलो ५७० मीटर वर न्यायचे तर फक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्ध जवळपास ४ लाख ६० हजार ज्यूल काम करावं लागतं आणि ते तासाभरात करायचं म्हटलं तर सतत १२७ वॅट लागतात. त्यात टायरचं घर्षण, चेनमधे वाया जाणारं थोडं आणि किंचितशी हवा धरली की १५० वॅटला आपला हा माणूस ताशी पावणेअकरा किलोमीटरच्या वेगाने चढतो आणि साधारण ६१ मिनिटांत वर पोचतो. वॅटचं मीटर तुमच्याकडे नसलं तरी काही बिघडत नाही, बहुतेकांकडे नसतंच, आकडे फक्त हिशोब दिसावा म्हणून घेतलेत.

या हिशोबातली एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की बसवा. सपाट रस्त्यावर तुम्ही ताशी ३० ने जाता तेव्हा तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, म्हणून तिथे कोणाच्या तरी मागे चिकटून राहिलं की मोठी सूट मिळते. घाटात ताशी दहा-अकराला हवा किती खाते, तर १५० पैकी जेमतेम ५-६ वॅट. म्हणजे पुढच्याच्या मागे लटकून मिळणारा फायदा जवळपास शून्य. तरी लोक सपाटीवरची सवय घेऊन घाटात येतात, ग्रुप सुटला तर संपलं असं वाटून आपल्याला न झेपणाऱ्या वेगाने त्यांच्या चाकाला चिकटतात आणि दोन किलोमीटरनंतर एकटेच मागे राहतात, वर दमलेले. घाटात ग्रुप सुटू द्यायचा. सुटण्यात नुकसान नाही, चिकटण्यात आहे.

आता मूळ मुद्दा, सुरुवातीला जास्त जोर लावला तर नेमकं काय होतं. प्रत्येकाच्या शरीराची एक पातळी असते जिच्याखाली तो बराच वेळ टिकून पेडल मारू शकतो, श्वास जोरात चालतो पण काबूत असतो. सायकलवाले तिला थ्रेशोल्ड म्हणतात. आपल्या माणसाचा थ्रेशोल्ड १६० वॅट धरू. त्याच्यावर जाता येत नाही असं नाही, पण वर जाण्यासाठी जी ताकद लागते ती एका मर्यादित साठ्यातून येते आणि नेहमी सायकल चालवणाऱ्या पण रेस न करणाऱ्या माणसाचा हा साठा साधारण १५ ते २० हजार ज्यूल असतो. पगाराबाहेर कपाटात ठेवलेले थोडे पैसे असतात ना, तसं. खर्च करता येतात, पण परत भरायचे तर पगारातून वाचवावे लागतात, म्हणजे थ्रेशोल्डच्या चांगलं खाली यावं लागतं आणि भरायचा वेग हा खर्चाच्या वेगापेक्षा बराच कमी असतो.

तर आपला माणूस पायथ्याला जोशात येऊन १९० वॅटने निघाला. हा काही वेडा वेग नाही बघा, थ्रेशोल्डपेक्षा फक्त ३० वॅट जास्त आणि त्या वेळी त्याला 'मस्त चाललंय' असंच वाटत असतं. पण ३० वॅट गुणिले ६०० सेकंद म्हणजे १८ हजार ज्यूल. दहा मिनिटांत साठा संपला. या दहा मिनिटांत त्याने काय कमावलं तेही बघू, १९० वॅटला त्याचा वेग ताशी १३.४, म्हणजे दहा मिनिटांत सव्वादोन किलोमीटरला थोडा कमी, आणि १५० वॅटने शांत चाललेला त्याचा मित्र तेवढ्याच वेळात १.८ किलोमीटर. आघाडी साडेचारशे मीटरच्या आत. आता मात्र पाय भरून आलेत, श्वास फुललाय, आणि तो १२० वॅटवर घसरला असं धरू, जे अशा वेळी अगदी नेहमीचं आहे. वेग ताशी ८.७. उरलेले पावणेनऊ किलोमीटर चढायला त्याला तास लागणार. एकूण ७० मिनिटं. शांत मित्र ६१ मिनिटांत वर जाऊन उभा, आणि मित्राचे पाय अजून जागेवर आहेत. नऊ मिनिटांचा फरक, तोही ताकदीत काहीच फरक नसताना.

यात फसवणारी गोष्ट अशी की पहिल्या दोन-तीन मिनिटांत शरीर तुम्हाला खोटं सांगतं. मुद्दाम नाही, त्याला वेळ लागतो. पायांना अचानक जास्त काम दिलं की हृदय आणि फुफ्फुसं हळूहळू त्या पातळीला येतात, तोपर्यंतची तूट त्या साठ्यातूनच भागवली जाते. म्हणून हार्ट रेट मॉनिटर लावून पायथ्याशी १३५ दिसले म्हणजे अजून जागा आहे असं समजू नका, तो आकडा दोन मिनिटांपूर्वीच्या मेहनतीचा आहे. आणि उलटंही होतं, पाऊण तासानंतर तेवढ्याच मेहनतीला हार्ट रेट पाच-दहा ठोक्यांनी वर सरकतो, विशेषतः ऊन चढलं आणि पाणी कमी पडलं की. म्हणजे सुरुवातीला हार्ट रेट बघून चालवलं तर जास्त जोर लागतो आणि शेवटी तोच आकडा पकडून ठेवायला गेलं तर उगाच हळू होतो. घड्याळ बघायला हरकत नाही, पण पहिली पाच मिनिटं त्याच्यावर विश्वास नको.

मग मोजायचं कशाने? वेगाने तर अजिबात नाही, कारण चढ एका टक्क्याने बदलला तरी वेग एक-दीड किलोमीटरने हलतो. श्वास हे सगळ्यात स्वस्त आणि खरं मीटर. एक वाक्य ठरवून ठेवा, उदाहरणार्थ 'वाईत अजून एक चहा मारला असता तर बरं झालं असतं', आणि चढताना मोठ्याने म्हणून बघा, आजूबाजूला कोण बघतंय याची काळजी करू नका. एका दमात पूर्ण वाक्य निघालं आणि नंतर एक मोठा श्वास लागला तर तुम्ही तासाभराच्या घाटासाठी बरोबर जागी आहात. मधे तोडावं लागलं तर थ्रेशोल्डच्या कडेवर आहात, इथे शेवटची दहा-पंधरा मिनिटं असलात तर चालेल, त्याआधी नको. 'वाईत...' म्हणून थांबावं लागलं तर साठा खर्च होतोय. आणि गप्पा मारत किस्सा सांगता येतोय तर थोडी जागा शिल्लक आहे, पण पहिल्या एक-तृतीयांश घाटात असं असेल तर तसंच राहू द्या.

पहिल्या दोन-तीन किलोमीटरला मनात सारखं 'मी जरा हळूच चाललोय का' असं येत राहिलं पाहिजे. ते येत नसेल तर काहीतरी चुकतंय. दहा मिनिटांनी तेच 'हळू' मध्यम वाटायला लागतं, अर्ध्या तासाने चांगलंच जाणवतं आणि शेवटी कठीण होतं, आणि या सगळ्या वेळात पायातली ताकद तीच असते, बदलत असते ती फक्त तिची किंमत. दुसरं लक्षण खांदे. माणूस जास्त जोर लावायला लागला की हँडल ओढायला लागतो, खांदे कानाकडे जातात, डोकं डावी-उजवी डोलायला लागतं. स्वतःला ते दिसत नाही, म्हणून अधूनमधून मुद्दाम एका हाताची बोटं हँडलवर सैल करून बघा. सैल करता येत नसतील तर एकतर जोर जास्त लागतोय नाहीतर गिअर जड आहे.

आणि गिअर जड असणं ही आपल्याकडची खरी अडचण. लोक दम, प्रॅक्टिस, वजन यावर तासभर बोलतात, पण सायकलला घाटाचा गिअरच नसेल तर हळू चढायचं ठरवूनही चढता येत नाही. हे नीट समजून घेऊ, कारण सगळं पेसिंग, म्हणजे ताकद घाटभर पुरवून वापरणं, याच्यावर उभं आहे.

रोडबाइकवर साधारण पुढे ५० आणि ३४ दातांच्या दोन चकत्या असतात आणि मागच्या कॅसेटला सगळ्यात मोठी चकती बऱ्याच जुन्या सायकलींवर २८ ची. सगळ्यात हलका गिअर म्हणजे पुढे ३४, मागे २८. या गिअरमधे पेडलचा एक पूर्ण फेरा मारला की सायकल साधारण २.६ मीटर पुढे जाते. आपला माणूस १५० वॅटने पसरणीच्या सरासरी चढावर ताशी पावणेअकराने चाललाय, म्हणजे मिनिटाला ६९ फेरे. छान. म्हणूनच कागदावर हा गिअर पुरेसा वाटतो आणि दुकानदारही सांगतो, हो सर, घाट आरामात होईल.

पण सरासरी ५.२ असलेल्या घाटात मधे ७-८ टक्क्यांचे छोटे तुकडे येतातच, वळणांवर तर हमखास. आठ टक्क्यांवर तेच १५० वॅट लावले तर वेग उतरतो ताशी साडेसातच्याही किंचित खाली आणि ३४-२८ मधे फेरे होतात मिनिटाला ४८. इतक्या कमी कॅडन्सला, म्हणजे मिनिटाला इतके कमी फेरे असताना, प्रत्येक ढकलण्याला लागणारा जोर जवळपास दीडपट होतो, म्हणजे दम तेवढाच लागतोय पण मांड्या आणि ढोपरं वाजायला लागतात. हे दोन मिनिटं सहन होतं, दहा मिनिटं नाही. मग माणूस नकळत दुसरा रस्ता धरतो, फेरे पासष्टच्या आसपास ठेवण्यासाठी वेग वाढवतो. त्या चढावर पासष्ट फेऱ्यांना लागतात २०५ वॅट. थ्रेशोल्डपेक्षा ४५ जास्त. असा तुकडा तीन मिनिटांचा असेल तर ८ हजार ज्यूल गेले, जवळपास अर्धा साठा, आणि या माणसाने तर कसलाही जोश केलेला नाही, तो बिचारा शहाण्यासारखा चालवत होता. सायकलने त्याला थ्रेशोल्डच्या वर ढकललं.

आता तीच सायकल आणि मागे ३४ ची चकती असलेली कॅसेट. पुढे ३४ मागे ३४, एका फेऱ्याला साधारण २.१३ मीटर, त्याच आठ टक्क्यांवर १५० वॅटला ५८ फेरे. ग्रेट नाही पण चालून जातं. आणि पुढे तीन चकत्या असलेली साधी हायब्रिड, जिची रोडबाइकवाले थट्टा करतात, तिच्यावर पुढे २८ मागे ३४ असेल तर ७१ फेरे. म्हणजे वीस हजारांची हायब्रिड त्या तुकड्यात लाखाच्या रोडबाइकपेक्षा पायांना सोपी पडते. हलका गिअर कमकुवत लोकांसाठी असतो ही समजूत कुठून आली माहीत नाही, हल्ली युरोपात रेस करणारे प्रोसुद्धा डोंगराच्या दिवशी मागे ३० च्या पुढची कॅसेट लावतात, आणि त्यांची ताकद आपल्या दुपटीहून जास्त असते.

तुमच्या सायकलला किती गिअर पुरेल हे घरी बसून काढता येतं. पुढची सगळ्यात छोटी चकती भागिले मागची सगळ्यात मोठी. उत्तर १.२ च्या आसपास आलं, जसं ३४ भागिले २८, तर पसरणीसारखा घाट फिट माणसाला जमेल पण तीव्र तुकड्यांत मार खावा लागेल. १ आलं तर बहुतेकांचं घाटातलं दुखणं बरंच कमी होतं. ०.८ आलं तर सिंहगडालाही गिअर संपत नाहीत. सामान लादून टूरला निघणार असाल किंवा वजन जास्त असेल तर ०.८ च्याही खाली गेलात तरी कोणी काही म्हणणार नाही.

कॅसेट बदलायची तर आधी मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, बघा, कारण सगळ्यात मोठी चकती किती पेलायची हे तो ठरवतो. शिमानोच्या १०५ नावाच्या गिअर संचाचंच उदाहरण घ्या, ११ स्पीडच्या आर७००० मालिकेत छोट्या केजचा, म्हणजे चेन ताणून धरणारा खालचा दांडा छोटा असलेला, डिरेलर ३० दातांपर्यंत आणि मध्यम केजचा ३४ पर्यंत चालतो, दिसायला दोन्ही भाऊ-भाऊ. आणि मोठी कॅसेट टाकली की चेनही बहुतेक वेळा लांब घ्यावी लागते, नाहीतर चुकून पुढे मोठी चकती आणि मागे मोठी चकती अशी पडली की चेन ताणून डिरेलरचं वाटोळं होतं. मेकॅनिकला हे दोन प्रश्न विचारा, 'केज कुठला आहे' आणि 'चेन पुरेल का', आणि त्याने न बघताच हो म्हटलं तर दुसरा मेकॅनिक बघा.

बरं, गिअर आहेत, आता वापरायचे कसे. पायथ्याच्या आधी, रस्ता अजून सपाटच असताना पुढची छोटी चकती लावून टाका. चढ लागल्यावर जोर देत देत पुढचा गिअर बदलला की चेन खाली पडते, आणि पसरणीत मागून एसटी येत असताना उतरून काळे हात करत चेन चढवण्यात मजा नसते. पुढे मोठीवरून छोटीवर येताना एकदम पाय मोकळे फिरायला लागतात म्हणून त्याच वेळी मागे दोन गिअर जड करा, मग हळूहळू हलके करत जा. आणि मागचे बदलतानाही अर्धा फेरा पायाचा दाब किंचित सोडा, कट्ट असा आवाज आला की समजा दाब सोडला नाही.

वळण दिसलं की वळणाच्या आधी हलका गिअर, वळणात नाही. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे डावीकडच्या वळणाला आपण आतल्या बाजूला असतो आणि हेअरपिनची आतली कड बाहेरच्यापेक्षा बरीच तीव्र असते. तिथे अगदी कडेला चिकटून न राहता आपल्या लेनच्या मधून वळा, मागे बघून, आणि समोरून येणारी गाडी वळण कापून आपल्या बाजूला येणारच आहे असं धरून. उजवीकडच्या वळणाला आपोआप बाहेरची बाजू मिळते, तिथे चढ जरा सौम्य असतो, श्वास सावरून घ्या.

सारखी मेहनत म्हणजे सारखा वेग नाही हे एव्हाना कळलं असेल, पण तंतोतंत सारखी मेहनत ठेवायचाही हट्ट नको. तीव्र तुकड्यात पाच-दहा टक्के जास्त आणि सौम्य तुकड्यात तेवढी कमी असं केलं तर एकूण वेळ उलट थोडा वाचतोच, कारण तीव्र भागात तुम्ही जास्त वेळ असता. चूक होते ती पंचवीस-तीस टक्के जास्त गेल्यावर. आणि सौम्य तुकडा आला की बरेचजण पेडल जवळजवळ सोडूनच देतात, वेग मरतो, मग चढ परत आला की शून्यातून सुरुवात. तिथे एक-दोन गिअर जड करून श्वास तोच ठेवा, मीटरवर वेग वाढलेला दिसेल, तो फुकटात मिळालाय.

उभं राहून पेडल मारायचं का? मारायचं, पण आराम म्हणून, हल्ला म्हणून नाही. दहा मिनिटांतून एकदा वीस-तीस सेकंद उभं राहिलं की पाठ आणि बूड मोकळं होतं. उभं राहायच्या आधी मागे एक-दोन गिअर जड करा, कारण उभ्याने फेरे कमी होतात आणि त्याच हलक्या गिअरमधे उभे राहिलात तर पाय हवेत गेल्यासारखे फिरतात. आणि पाय पेडलवर खाली येत असतानाच उठा, नाहीतर सायकल क्षणभर मागे येते आणि मागचा तुमच्या चाकावर आपटतो.

खाण्यापिण्याचं थोडक्यात, तासाभराच्या घाटासाठी फार लागत नाही. पण पायथ्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी दोन खजूर, एखादी चिक्की असं काहीतरी पोटात टाका, सुरूर फाट्याहून वाईकडे येताना ते सहज होतं. घाटात चढताना चावायला दम पुरत नाही. पाणी मात्र दर दहा मिनिटांनी दोन घोट, कारण ताशी दहाच्या वेगाला अंगावर वारा लागत नाही आणि तेवढीच मेहनत सपाटीवर केली असती त्यापेक्षा अंग बरंच जास्त तापतं. एप्रिल-मेमधे नऊच्या आत वर पोचायचं बघा. आणि वजनावरून आठवलं, आपल्या हिशोबाने एक किलो कमी केलं की या घाटात पाऊण मिनिट वाचतं. तेव्हा कार्बनच्या बाटली-केजवर पैसे घालवण्याआधी गिअरवर घालवा, आणि पाण्याची दुसरी बाटली वजनाच्या नावाखाली घरी ठेवू नका.

घाटाचे मनातल्या मनात तीन भाग करा, पहिले चार किलोमीटर, मधले चार, शेवटचे तीन. पहिल्या भागात वाक्य पूर्ण आलं पाहिजे, लोक पुढे गेले तरी. मधला भाग सगळ्यात कंटाळवाणा, इथे नकळत जोर उतरतो, म्हणून इथे वाक्याबरोबर फेरेही मोजा, पंधरा सेकंदांत सतरा-अठरा. शेवटच्या तीन किलोमीटरला, खाली धोमचं पाणी दिसतंय, पाय अजून ठीक आहेत, तर मग एक गिअर जड करा आणि वाक्य मधे तुटू द्या. पण पुढे महाबळेश्वर गाठायचं असेल तर हेही करू नका, पाचगणीनंतर अजून अठरा-वीस किलोमीटर वर-खाली रस्ता आहे आणि तिथे मोकळं वारं असतं.

आणि एवढं करूनही मधेच दिवे गेले तर? होतं. पहिली गोष्ट, लगेच थांबू नका. सगळ्यात हलका गिअर लावा आणि तीन-चार मिनिटं इतकं हळू चालवा की लाज वाटेल, गप्पा मारता येतील एवढं. साठा थोडासा भरतो. मग परत आधीच्या वेगाला जायचं नाही, त्याच्या एक पायरी खाली राहायचं, कारण पूर्ण भरायला बराच वेळ लागतो. डोकं हलकं वाटतंय, अंगावर काटा येतोय, घाम अचानक थांबलाय, तर मात्र हा पेसिंगचा विषय राहिला नाही, सावलीत उतरा, पाणी प्या, अंगावर ओता, आणि पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर खाली जाणारी गाडी पकडा.

नुसते पाय गेले म्हणून थांबलात तर दोन-तीन मिनिटंच, जास्त बसलं की मांड्या आखडतात. परत निघताना वळणापासून दूर जागा बघा, मागून-पुढून गाडी नाही याची खात्री करा, गिअर हलकाच असू द्या पण सगळ्यात हलक्यापेक्षा एक जड, नाहीतर पहिल्याच फेऱ्यात चाक पुरेसं पुढे जात नाही आणि तोल जातो. एक पेडल घड्याळातल्या दोनच्या जागी आणा, ब्रेक दाबून सीटच्या पुढे उभे रहा, सायकल सरळ चढाकडे न ठेवता रस्त्याला जरा तिरपी करा म्हणजे चढ कमी लागतो, मग ब्रेक सोडत त्या पेडलवर पूर्ण वजन टाका आणि दुसरा पाय पेडलवर सापडेपर्यंत खाली बघू नका.